गोळीबार, बर्फ आणि गंजलेलं चिलखत

गॅब्रिएल गार्सिया मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीचं पहिलं वाक्य इतकं गाजलं, की त्यानंतर परिच्छेद आणखी पानभर तरी चालतो हे अनेकांच्या लक्षातच राहत नाही. १९६७ साली स्पॅनिशमध्ये आलेल्या या कादंबरीची खरी किल्ली मला त्या परिच्छेदाच्या शेवटी सापडते. पण सुरुवात पहिल्या वाक्यापासूनच करावी लागेल.

बंदूकधाऱ्यांपुढे मरणाच्या वाटेवर उभा असलेला कर्नल औरेलियानो बुएंदिया आपल्या लहानपणीची एक दुपार आठवतो. वडील त्याला बर्फ दाखवायला घेऊन गेले होते, ती. मात्र निवेदक हे 'पुढे घडणार आहे' अशा सुरात सांगतो. म्हणजे गोष्ट अजून सुरूही झालेली नाही आणि सांगणाऱ्याला गोळीबारही ठाऊक आहे, बर्फाची दुपारही. ज्याला सगळं आधीच माहीत आहे अशा माणसाचा हा आवाज आहे.

हे वाक्य काढून पाहा. मग कादंबरी सुरू होते वीस मातीच्या घरांच्या माकोंदो गावापासून, स्वच्छ पाण्याच्या नदीपासून आणि तिच्या पात्रातल्या गुळगुळीत, अवाढव्य धोंड्यांपासून. जग इतकं नवं, की पुष्कळ वस्तूंना अजून नावंसुद्धा नाहीत. वर्णन सुरेखच आहे, पण नुसतं सुरेख. डोक्यात गोळीबार ठेवून वाचलं की त्याच नदीकाठाची काळजी वाटू लागते. इथे कधीतरी सैन्य येणार आहे, हे आपल्याला कळलेलं असतं आणि गावाला नसतं. पुस्तकभर पसरलेली हुरहूर इथूनच सुरू होते.

मग दरवर्षी मार्चमध्ये येणारे जिप्सी येतात. त्यांच्यातला मेल्कियादेस लोहचुंबकाच्या दोन लगडी ओढत घरोघर फिरतो. पातेली, चिमटे, शेगड्या जागच्या निसटतात, खिळे बाहेर यायला धडपडतात म्हणून तुळया करकरतात आणि कधीच्या हरवलेल्या वस्तू नेमक्या जिथे सगळ्यात जास्त शोधल्या होत्या तिथूनच निघतात. एवढं अद्भुत सांगताना निवेदकाचा आवाज जराही चढत नाही. आपली आजी अशक्य गोष्टी अगदी निर्विकार चेहऱ्याने सांगायची आणि कादंबरीचा सूर आपल्याला तिच्याकडून मिळाला, असं मार्केझ सांगत असत. निवेदकाने एकदा जरी 'काय आश्चर्य!' म्हटलं असतं, तर वाचकही शंका काढत बसला असता. निवेदक घरातल्या भांड्यांची नावं घेतो, आणि ओळखीची भांडी हलताना दिसली की आपण मुकाट विश्वास ठेवतो.

आता चुंबकाने जमिनीतलं सोनं ओढून काढायचं, असं होसे आर्कादियो बुएंदियाच्या मनात येतं. मेल्कियादेस प्रामाणिकपणे सांगतो की ते जमणार नाही. पण जिप्सी खरं बोलतील यावर याचा विश्वास नाही, म्हणून तो खेचर आणि बकऱ्या देऊन लगडी घेतो. बायको उर्सुला विरोध करते, कारण त्या जनावरांवर तिची संसाराची गणितं बसलेली आहेत. नवरा वेडाच्या मागे धावणार आणि बायको घर सावरणार, हा पुढच्या कित्येक वर्षांचा संसार एका सौद्यात दिसून जातो.

महिनोन्महिने नदीच्या तळापर्यंत लगडी ओढून हाती लागतं ते पंधराव्या शतकातलं गंजलेलं चिलखत. तो आणि सोबतचे चौघे ते उघडतात. आत हाडांचा सांगाडा, त्याच्या गळ्यात तांब्याचं लॉकेट आणि त्यात एका बाईचे केस. परिच्छेद तिथेच थांबतो. ती कोण, हे कुणी विचारतही नाही. पहिल्या वाक्याने मरणाचं वचन दिलं होतं. हे शेवटचं वाक्य वेगळंच काही कबूल करतं: या पुस्तकात माणसं सोनं खणतील आणि त्यांना कुणाचं तरी विसरलेलं प्रेम सापडेल.

अर्थात एका परिच्छेदातून हवं ते काढता येतं. वाचन खरं की ओढूनताणून केलेलं, हे पुढची पानंच ठरवतात. बर्फ पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येतो. गोळीबाराचा प्रसंग यायला साधारण एक तृतीयांश कादंबरी वाचावी लागते, आणि तिथे ऐनवेळी भाऊ बंदूक घेऊन आल्यामुळे औरेलियानो मरत नाही. दिलेलं वचन लेखक पाळतो, पण आपण धरलेल्या अर्थाने नाही. आणि सोन्याचं म्हणाल, तर होसे आर्कादियोचा पणतू औरेलियानो सेगुंदो उर्सुलाने लपवलेल्या मोहरांसाठी अंगण, परसू, घराचा पायासुद्धा खणून काढतो. मोहरा त्याला मिळत नाहीत. त्या असतात उर्सुलाच्या पलंगाखाली, म्हणजे ज्याला मध्य धरून त्याने सगळा शोध घेतला होता, नेमक्या त्याच जागी.