भाषण कागदावरून कानापर्यंत

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं तर वाचणारा दोन ओळी मागे जाऊन कर्ता शोधू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. क्रियापद येईपर्यंत त्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात वक्ता पुढे निघून गेलेला असतो.

समजा, वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या भाषणात असं वाक्य आहे: ‘१९८५ साली गावातील तरुणांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या व आज बारा हजार पुस्तके असलेल्या या वाचनालयाच्या गळक्या छपराच्या दुरुस्तीसाठी ग्रामस्थांनी सढळ हस्ते मदत करावी, अशी मी विनंती करतो.’ व्याकरणात कुठे चूक नाही. पण ‘केलेल्या’, ‘असलेल्या’ अशी विशेषणं एकामागून एक लागली आहेत आणि मागणं कळतं ते पार शेवटी. अशा प्रत्येक ‘लेल्या’पाशी वाक्य तोडावं:

‘हे वाचनालय १९८५ साली सुरू झालं. गावातल्या तरुणांनी सुरू केलं. / वर्गणी काढून. / आज या वाचनालयात बारा हजार पुस्तकं आहेत. // आणि या वाचनालयाचं छप्पर गळतंय. // छपरासाठी मदत हवी आहे. तुमची मदत हवी आहे.’

‘पुस्तके’ची ‘पुस्तकं’ झाली. ‘वाचनालय’ तीनदा आलं. लिहिताना आपण दुसऱ्या वेळी ‘ते’ किंवा ‘सदर संस्था’ म्हणतो; बोलताना तोच शब्द पुन्हा घ्यावा, म्हणजे मध्येच लक्ष उडालेला माणूसही परत विषयावर येतो. मात्र पुनरुक्ती ज्या शब्दावर भाषण उभं आहे त्याचीच करावी. प्रत्येक परिच्छेदात ती आली, तर पल्लेदारपणाचा सोस वाटतो. छोट्या वाक्यांचंही तसंच. सलग दहा आली की भाषण तुटक वाटू लागतं, म्हणून मधूनच एक लांब, सरळ वाक्य ठेवावं.

वरची एक तिरकी रेघ म्हणजे छोटा विराम, दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास. पुस्तकांचा आकडा ऐकून लोक मनात खूश होतात. त्यांना तेवढा वेळ दिला, तरच छपराची गोष्ट लागते. आणि मराठीत एक जागा फार जपायची: ‘नाही’च्या आधी कधीही थांबू नये. ‘आम्ही हे काम थांबवणार’ इथे ओळ संपली आणि ‘नाही’ पुढच्या ओळीवर गेलं, तर वाचताना नकळत विराम पडतो आणि क्षणभर उलटाच अर्थ ऐकू जातो. यासाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहावं, एका ओळीत एका श्वासाचं वाक्य ठेवावं आणि कोणतंही वाक्य पानाच्या टोकाला तोडू नये.

विरामांमुळे भाषण लांबतं, तेव्हा घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि जास्तीचा मजकूर काढून टाका. मग घरातल्या कुणाला तरी कागद न दाखवता ते ऐकवा आणि विचारा, ‘मी काय मागितलं?’ उत्तर अडखळलं, तर त्या मागणीचं वाक्य पुन्हा लिहा.