लघुवितरिकेचे अस्तरीकरण : आधी मोजणी, मग काँक्रीट

लघुवितरिकेच्या तोंडाशी दरवाजा उघडून पाणी सोडले म्हणजे ते सर्वच्या सर्व शेतचारीत पोहोचत नाही, ही गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याला सांगावयास नको. वाटेत काही पाणी तळाशी झिरपते, काही खेकड्यांच्या बिळांतून निसटते, तर काही नादुरुस्त दरवाजांतून नाल्याला जाते. परिणाम असा की, तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याचा ऊस दोनदा भिजतो आणि टोकाच्या शेतकऱ्याची ज्वारी एका पाण्यासाठी वाळते. अशा वेळी ‘संपूर्ण चारी काँक्रीटची करून द्यावी’ अशी मागणी गावसभेत होते. ही मागणी करण्यापूर्वी पाणी नेमके कोठे व किती जाते हे संस्थेने स्वतः मोजून पाहणे अत्यंत आवश्यक आहे.

या मोजणीला आज पैशाच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्या कायद्यान्वये पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून देण्यात येते. मोजमाप लघुवितरिकेच्या तोंडाशी झाले की, त्यापुढे जे पाणी वाटेत जाते ते संस्थेच्या हिशेबातून जाते. त्याची पट्टी सभासदांनाच भरावी लागते.

झिरपा आणि गळती

मातीच्या अंगातून संथपणे मुरणारे पाणी म्हणजे झिरपा होय. बिळे, भेगा, खचलेला भराव, मोरीच्या कडा व सैल दरवाजे यांतून वाहून जाणारे पाणी म्हणजे गळती होय. अस्तरीकरणाने मुख्यतः झिरपा थांबतो. गळतीसाठी मात्र पाटी, फावडे व धुम्मस पुरेसे असते. हा भेद लक्षात न घेतल्यास मोठा खर्च होऊनही टोकाला पाणी वाढत नाही.

उदाहरणादाखल ३ किलोमीटर लांबीची एक लघुवितरिका घेऊ. तिच्या तोंडाशी सेकंदाला १५० लिटर पाणी येते. सर्व विमोचकांवर एकाच वेळी मोजलेल्या पाण्याची बेरीज मात्र १०५ लिटर भरते. म्हणजे वाटेत ४५ लिटर गेले. यांपैकी झिरपा किती आणि गळती किती, हे पुढील सोप्या चाचणीने समजते.

कोंडलेल्या पाण्याची चाचणी

आवर्तन संपण्याच्या दिवशी ही चाचणी घ्यावी. त्या वेळी चारीचा तळ आधीच भिजलेला असतो, त्यामुळे कोरडी माती पाणी शोषते आहे की खरोखर झिरपा होत आहे, असा संशय राहत नाही. चारीचा सुमारे ५० मीटरचा सरळ भाग निवडून त्यातील विमोचक घट्ट बंद करावेत. दोन्ही टोकांना मातीच्या पोत्यांचे बांध घालून त्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. पाणी नेहमीच्या पातळीपर्यंत कोंडावे आणि दोन्ही टोकांना सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या पट्ट्या रोवाव्यात. नंतर दर तासाला पातळी वहीत नोंदवावी. बांधाबाहेर ओल दिसत नाही ना, हेही पाहावे. अन्यथा बांधाची गळती झिरप्याच्या नावावर जमा होते. पाणी फार खाली जाऊ देऊ नये, कारण खोली कमी झाली की झिरप्याचा वेगही मंदावतो.

आपल्या उदाहरणातील चारीचा तळ ६० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली ५० सेंटिमीटर व बाजूंचा उतार दीडास एक आहे. पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी २.१ मीटर येते. चारीचा २,२०० मीटर भाग काळ्या जमिनीतून, तर मधला ८०० मीटर भाग मुरमाड भरावावरून जातो. दोन्ही ठिकाणी चाचणी घेतली असता काळ्या जमिनीत पाणी ६ तासांत ३ सेंटिमीटर उतरले. मुरमाड भागात ते अवघ्या ३ तासांत १० सेंटिमीटर उतरले.

आता हिशेब करू. मुरमाड भागात पाणी उतरताना पृष्ठभागाची सरासरी रुंदी १.९५ मीटर होती. तीन तासांत १० सेंटिमीटर म्हणजे दिवसाला ८० सेंटिमीटर. यावरून ८०० मीटर लांबीत दिवसाला सुमारे १,२५० घनमीटर, म्हणजेच सेकंदाला साडेचौदा लिटर पाणी मुरते. काळ्या जमिनीतील भाग जवळजवळ तिप्पट लांब आहे. तरीही तेथे दिवसाला सुमारे ५४० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वासहा लिटर पाणी जाते. बाष्पीभवनाचे प्रमाण या सर्वांत अल्प असते. कडक उन्हाळ्यात दिवसाला १ सेंटिमीटर धरले तरी संपूर्ण चारीवर ते ६० घनमीटरच्या आसपास भरते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, वाटेत गेलेल्या ४५ लिटरपैकी झिरपा सुमारे २१ लिटरच आहे. उरलेले २४ लिटर बिळे, दरवाजे व चोरून फोडलेली तोंडे यांतून जातात. ते काम संस्थेने प्रथम हाती घ्यावे. दुसरी गोष्ट अशी की, झिरप्याचा सत्तर टक्के भाग चारीच्या एक-चतुर्थांशाहून थोड्या अधिक लांबीत होतो. प्रस्तावात पहिला मान त्या ८०० मीटरचा असावा.

अस्तराचे प्रकार

चिकणमातीचा थर दाबून बसविणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परंतु दोन आवर्तनांच्या मधल्या काळात असा थर वाळून भेगाळतो आणि खेकडे त्यात पुन्हा घर करतात. वरचेवर दुरुस्ती करण्याची तयारी असेल तेथेच तो निवडावा. नुसती दगडी पिचिंग काठ धुपू देत नाही, परंतु सांधे चुन्या-सिमेंटने भरल्याशिवाय पाणी अडवीत नाही.

काँक्रीटचे अस्तर टिकाऊ असते व त्यावर गवत कमी माजते. मात्र त्याचे सांधे हे दुबळे स्थान होय. म्हणून मुरमाड भागात काँक्रीटच्या खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत अधिक भरवशाची ठरते. पाणी कागद अडवितो आणि कागदाचे गुरांपासून व उन्हापासून रक्षण काँक्रीट करते. कागद अंथरण्यापूर्वी तळ पाणी मारून दाबावा व अणकुचीदार खडे वेचून काढावेत. कागदाला एक भोक पडले तरी पाणी तीच वाट धरते.

जेथे चारीला पुरेसा उतार आहे तेथे बंद नळीचाही विचार करता येतो. नळीने जमीन वाचते व बाष्पीभवन टळते. मात्र तोंडाशी गाळ व कचरा अडविण्याची व्यवस्था नसल्यास नळी तुंबते, आणि तुंबलेली जागा शोधणे उघड्या चारीपेक्षा अवघड असते.

काळ्या जमिनीतील धोका

काळी माती भिजली की फुगते व वाळली की आकसते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकल्यास ते काही आवर्तनांतच उचलले जाते आणि बाजूचे पत्रे आत ढकलले जातात. यासाठी काळी माती ठराविक खोलीपर्यंत काढून तेथे न फुगणाऱ्या परंतु चिकट अशा मुरमाचा थर पाणी मारून, थराथराने दाबून भरावा लागतो. लहान चारीला हा थर साधारणतः ३० ते ५० सेंटिमीटर लागतो. नेमकी जाडी मातीचा फुगवटा तपासून अभियंत्याने ठरवावी. निव्वळ सैल, भुसभुशीत मुरूम येथे चालत नाही. तो पाणी आत घेतो आणि खालची काळी माती पुन्हा फुगू लागते.

चारीच्या तळापेक्षा भूजलाची पातळी वर असेल तेथे आणखी एक धोका असतो. चारी रिकामी झाली की खालचे पाणी अस्तराला वर उचलते. अशा ठिकाणी त्या पाण्याला निघून जाण्याची वाट ठेवावी लागते.

झालेले काम कसे आहे हे संस्थेच्या पंचांना स्वतः पाहता येते. लोखंडी सळईने अस्तर ठोकावे. पोकळ आवाज आल्यास खालची माती वाहून गेली आहे असे समजावे. आवर्तन चालू असताना भरावाच्या बाहेरील पायथ्याशी नवी ओल दिसल्यास सांधा फुटला असे ओळखावे. गुरांना पाण्यावर उतरण्यासाठी वेगळा घाट बांधून द्यावा, नाहीतर त्यांच्या पायांनीच कडा तुटतात.

लाभ कोणाला, तोटा कोणाला

चांगल्या अस्तराने मुरमाड भागातील तीन-चतुर्थांश झिरपा वाचला असे धरल्यास दिवसाला सुमारे ९४० घनमीटर पाणी वाचते. दहा दिवसांच्या आवर्तनात ते ९,४०० घनमीटर होते. विमोचकावर हेक्टरी १,००० घनमीटर पाणी लागते असे मानल्यास टोकाचे नऊ हेक्टर क्षेत्र प्रत्येक पाळीला भिजू शकते. उरलेल्या २,२०० मीटरचे अस्तर केल्यास मात्र आणखी चारच हेक्टरची भर पडेल, आणि तेथे मुरूम भरण्याचा खर्चही वेगळा येईल. मर्यादित निधीत कोणते काम आधी करावे, हे या आकड्यांवरूनच ठरते.

परंतु झिरपलेले सर्वच पाणी वाया जाते असे नाही. चारीच्या खालच्या अंगाच्या विहिरी त्यावरच भरतात, आणि अस्तर झाल्यावर त्या विहिरींचे पाणी उतरते. हे सत्य सभेत लपवू नये. काही ठिकाणी हाच झिरपा घातकही ठरतो. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात विसाव्या शतकाच्या आरंभापासून पाणथळ व खारवट झालेल्या जमिनी याची साक्ष देतात. आपल्या गावी झिरपा विहिरी भरतो की जमिनी बिघडवितो, हे विहिरींची पातळी आवर्तनापूर्वी व नंतर मोजून ठरवावे. ज्यांच्या विहिरी उतरण्याचा संभव आहे त्यांना ठरावाच्या वेळी बोलवावे. वाचलेल्या पाण्यातील काही वाटा नाल्यावरील बंधाऱ्यात सोडून विहिरींना आधार देता येतो. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावरील ओझरच्या पाणी वापर संस्थांनी हा मार्ग अनुसरला आहे.

प्रस्तावाला म्हणून चार कागद जोडावेत : तोंडाशी व विमोचकांवर मोजलेल्या पाण्याचा तक्ता, कोंडलेल्या पाण्याच्या चाचणीची नोंद, मुरमाड व काळ्या भागांचा मीटरनिशी नकाशा आणि विहिरींच्या पातळीची वही. काँक्रीटचे काम उन्हाळी आवर्तन संपल्यावर व पावसाळा लागण्यापूर्वी उरकावे लागते. त्यास किमान दोन आठवडे ओले ठेवण्यासाठी पाण्याची सोयही त्याच काळात हवी. तेव्हा मोजणी रब्बीच्या आवर्तनातच पुरी करून प्रस्ताव वेळेवर शाखा कार्यालयात पोहोचता करावा.