रिव्हेटचा सांधा कुठे तुटतो?

लोखंडाचे दोन पत्रे जोडण्याची सर्वांत साधी जुनी रीत म्हणजे एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवायची, दोन्हींतून आरपार भोके पाडायची आणि त्यांत तापवलेले रिव्हेट घालून उघडे टोक ठोकून त्याचे डोके घडवायचे. अशा सांध्याला लॅप सांधा म्हणतात. बाष्पित्र, पाण्याच्या टाक्या आणि जहाजांचे सांगाडे दीर्घकाळ याच पद्धतीने जोडले जात. असा सांधा मूळच्या अखंड पत्र्याइतका मजबूत कधीच नसतो, कारण रिव्हेट बसवायचे तर पत्र्याला भोक पाडावे लागते आणि भोक पाडले की तेवढा पत्रा कमी होतो. तो किती कमजोर झाला, हे सांगणारा आकडा म्हणजे सांध्याची कार्यक्षमता. हा आकडा काढण्यासाठी आधी सांधा किती प्रकारे तुटू शकतो, हे पाहावे लागते.

शिवणीसारखी लांबवर गेलेली रिव्हेटची रांग एकदम हिशेबात घेण्याची गरज नसते. शेजारच्या दोन रिव्हेटांच्या केंद्रांमधल्या अंतराला पिच म्हणतात. एका पिचइतक्या रुंदीची पट्टी तपासली की पुरते, कारण पुढची शिवण म्हणजे त्याच पट्टीची पुनरावृत्ती असते. एकेरी रांगेच्या सांध्यात या पट्टीच्या वाट्याला एक रिव्हेट येते, दुहेरी रांगेत दोन.

ही पट्टी दोन्ही बाजूंनी ओढली की मोडण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे पत्रा फाटणे. वहीचे पान छिद्रांच्या ओळीवर सहज फाटते, तसा पत्रा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत फाटत जातो. येथे ओढ पेलणारी रुंदी म्हणजे पिचमधून भोकाचा व्यास वजा करून उरलेली. तिला पत्र्याच्या जाडीने आणि पत्र्याला सोसेल अशा ताणाने गुणले की फाटण्याविरुद्धची ताकद मिळते.

दुसरी वाट म्हणजे रिव्हेट कापले जाणे. वरचा पत्रा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे सरकू पाहतो, तेव्हा त्यांच्या मधोमध रिव्हेटवर कात्रीच्या पात्यांसारखा जोर येतो. लॅप सांध्यात रिव्हेट एकाच पातळीवर कापले जाते, म्हणून त्याच्या गोल छेदाचे क्षेत्रफळ एकदाच मोजतात. त्याला कापण्याविरुद्धच्या सुरक्षित ताणाने गुणतात.

तिसरी वाट म्हणजे चेपणे. रिव्हेट न तुटता भोकाच्या भिंतीवर रेटले जाते, आणि तिथे पत्रा किंवा रिव्हेट दबून चपटे होते. यासाठी मोजायचे क्षेत्रफळ रिव्हेटचा व्यास गुणिले पत्र्याची जाडी इतके धरतात.

मोडलेला सांधा हातात आला तर तो कोणत्या वाटेने गेला हे ओळखता येते. पत्रे शाबूत, भोके गोल आणि रिव्हेटचे दोन सपाट तुकडे असतील तर रिव्हेट कापले गेले आहे. भोकांतून जाणारी फाट दिसली तर पत्रा कमी पडला. भोके अंडाकृती झाली असून रिव्हेट खुळखुळत असेल तर पत्रा चेपला गेला. याखेरीज रिव्हेट पत्र्याच्या कडेच्या फार जवळ असले तर कड फाटूनच ते बाहेर येते. मात्र रिव्हेटच्या केंद्रापासून कडेपर्यंत व्यासाच्या दीडपट अंतर ठेवले की ही भीती सहसा उरत नाही.

आता एक प्रत्यक्ष हिशेब पाहू. पत्रा ९ मिलिमीटर जाड आहे. रिव्हेटचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या वर्गमुळाच्या सहापट घ्यावा, असा अन्विन यांचा प्रचलित नियम आहे. ९ चे वर्गमूळ ३, म्हणून व्यास १८ मिलिमीटर. भोक १९ मिलिमीटरचे पाडतात. ठोकताना रिव्हेट फुगून भोक भरून टाकते, म्हणून हिशेबात १९ हाच व्यास धरतात. पिच ५० मिलिमीटर घेऊ. सुरक्षित ताण दर चौरस मिलिमीटरला फाटण्यासाठी ८०, कापण्यासाठी ६० आणि चेपण्यासाठी १२० न्यूटन मानू.

अखंड पट्टीची ताकद ५० × ९ × ८० म्हणजे ३६,००० न्यूटन. फाटण्याविरुद्धची ताकद (५० − १९) × ९ × ८० म्हणजे २२,३२० न्यूटन. रिव्हेटच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८३.५ चौरस मिलिमीटर येते, म्हणून कापण्याविरुद्धची ताकद सुमारे १७,०१० न्यूटन. चेपण्याविरुद्धची ताकद १९ × ९ × १२० म्हणजे २०,५२० न्यूटन. सांधा सर्वांत कमी आकड्यावर मोडणार, म्हणजे रिव्हेट कापले जाऊन. कार्यक्षमता म्हणजे हा सर्वांत लहान आकडा भागिले अखंड पट्टीची ताकद: १७,०१० ÷ ३६,००० = ०.४७. सांधा पत्र्याच्या ४७ टक्केच ताकदीचा आहे.

येथे पत्र्याची ताकद शिल्लक असूनही ती वापरात येत नाही, कारण रिव्हेट आधी हार मानते. म्हणून पिच इतकी कमी करावी की फाटण्याची आणि कापण्याची ताकद जवळपास सारखी होईल. समीकरण सोडवले तर ती सुमारे ४३ मिलिमीटर येते. तेव्हा फाटण्याविरुद्धची ताकद १७,२८० न्यूटन, रिव्हेटची तीच १७,०१०, अखंड पट्टीची ३०,९६० आणि कार्यक्षमता ५५ टक्के. यापुढे पिच आणखी कमी केली तर भोकांमधला पत्रा दुबळा होऊन कार्यक्षमता पुन्हा घसरते.

रिव्हेट जाड केले तरी तो उपाय अमर्याद चालत नाही. कापण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, चेपण्याविरुद्धची मात्र फक्त व्यासाच्या प्रमाणात. ९ मिलिमीटर पत्र्यासाठी वरील ताण धरले तर सुमारे २३ मिलिमीटर व्यासाला दोन्ही सारख्या होतात. त्याहून जाड रिव्हेट कापले जाण्याआधी भोकच चेपले जाते.

खरी वाढ होते ती रिव्हेटांची दुसरी रांग घातल्याने. आता एका पिचच्या वाट्याला दोन रिव्हेट येतात, म्हणून कापण्याविरुद्धची ताकद ३४,०२० न्यूटन होते आणि तिला जुळणारी पिच ६६ मिलिमीटर येते. फाटण्याविरुद्ध ३३,८४०, अखंड पट्टी ४७,५२०, म्हणजे कार्यक्षमता ७१ टक्के. रांगा वाढल्या तरी प्रत्येक रांगेत भोके विरळ राहतात, म्हणून पत्र्याचा जास्त भाग शाबूत राहतो.

इंग्लंडमधील अभियंता विल्यम फेअरबर्न यांनी प्रत्यक्ष पत्रे ओढून तोडले आणि त्यांचे निष्कर्ष १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. अखंड पत्र्याची ताकद १०० धरली तर दुहेरी रिव्हेटच्या सांध्याची ७० आणि एकेरीची ५६, असे त्यांचे आकडे होते. वरच्या हिशेबातून आलेले ७१ आणि ५५ त्यांच्या अगदी जवळचे आहेत.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. लॅप सांध्यात दोन पत्र्यांची ओढ एका रेषेत नसते, म्हणून जोर वाढला की सांधा किंचित वाकतो आणि पत्रा वाकण्याचा ताणही सोसतो. हिशेबात हा ताण धरलेला नसतो. बाष्पित्रात दाब कमी-जास्त होत राहिला की सांध्यालगत, एका पत्र्याने झाकलेल्या जागी, तडे जातात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. शिवाय वर्तुळाकार बाष्पित्रात लांबीच्या दिशेच्या शिवणीवर आडव्या शिवणीच्या दुप्पट ओढ येते. म्हणून लांबीच्या शिवणीसाठी पत्रे कडेला कड भिडवून वरखाली पट्ट्या लावलेला सांधा वापरत, आणि लॅप सांधा आडव्या शिवणीपुरता राही.