तेरावा महिना

३१ मार्चच्या मध्यरात्री कारखान्याचे जुने वर्ष संपते, पण त्याचे हिशेब संपत नाहीत. लेखापरीक्षक मे-जूनपर्यंत मार्चची बिले तपासत असतात आणि इकडे १ एप्रिलच्या सकाळी पहिला ट्रक बाहेर काढायला नव्या वर्षाचे इन्व्हॉइस लागते. त्यामुळे ईआरपीमध्ये काही महिने दोन्ही वर्षे एकाच वेळी उघडी असतात.

सॅपमध्ये त्यासाठी बारा महिन्यांपुढे तेरा ते सोळा असे चार विशेष कालखंड असतात. त्यांतल्या नोंदींवर तारीख मार्चचीच पडते, पण मार्चच्या नेहमीच्या व्यवहारांपासून त्या वेगळ्या दिसतात. `OB52` या पडद्यावरून एप्रिल सर्वांसाठी खुला करायचा आणि तेरावा कालखंड मोजक्याच लोकांच्या हाती ठेवायचा, अशी पद्धत असते.

शिल्लक पुढे नेण्याचे काम `FAGLGVTR` करते. बँक, देणेकरी, यंत्रे अशा ताळेबंदातल्या खात्यांची अखेरची बाकी नव्या वर्षाची आरंभीची बाकी होते. पगार, वीज, विक्री ही खाती मात्र शून्यापासून सुरू होतात आणि त्यांचा निव्वळ नफा किंवा तोटा संचित नफ्याच्या खात्यात जातो. एखाद्या खर्चखात्यात १ एप्रिललाच रक्कम दिसली, तर खाते उघडताना त्याचा प्रकार चुकला असण्याची शक्यता मोठी.

आता एक कल्पित उदाहरण. मार्चच्या विजेचे ४,८०,००० रुपयांचे बिल एप्रिलच्या मध्यावर आले आणि कारकुनाने ते एप्रिलच्या खर्चात टाकले. जूनमध्ये लेखापरीक्षकाने ते हेरले. मग तेराव्या कालखंडात नोंद झाली: वीजखर्च नावे, तरतूद जमा. शिल्लक आधीच पुढे नेलेली असली तरी बिघडत नाही. सॅप नव्या वर्षाची आरंभीची बाकी आपोआप सुधारते. कराचा परिणाम सोडला, तर संचित नफा ४,८०,००० रुपयांनी घटतो आणि तरतूद तेवढीच वाढते.

अनेकजण इथेच थांबतात आणि फसतात. एप्रिलमध्ये पडलेला खर्च तसाच उरतो. म्हणून नव्या वर्षात दुसरी नोंद हवी: तरतूद नावे, वीजखर्च जमा. ती राहिली तर एकच बिल दोन वर्षांच्या खर्चात मोजले जाते. नव्या वर्षाच्या वीजखर्चात तेरा बिले दिसतात आणि तरतुदीचे खाते महिनोन्‌महिने हलत नाही, यावरून ही चूक ओळखता येते.

वार्षिक सभेने हिशेब मंजूर केल्यावर मात्र जुने कालखंड कुलूपबंद ठेवायचे असतात. त्यानंतर सापडलेली चूक गुपचूप मागच्या तारखेला घालता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे आणि ती सोय बंद करता येत नाही.