विक्री घटली, नफा वाढला

शेतीपंप बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणा. आकडे सोपे ठेवू. एक पंप ६,००० रुपयांना विकला जातो. बिडाचे कास्टिंग, तांब्याची तार, बेअरिंग, उक्ती मजुरी, वीज असा प्रत्येक पंपामागे होणारा खर्च ३,५०० रुपये. म्हणजे पंप बनला तरच होणारा आणि न बनला तर वाचणारा खर्च एवढाच. याखेरीज शेडचे भाडे, यंत्रांचा घसारा, सुपरवायझरचे पगार मिळून तिमाहीला १५ लाख रुपये लागतात, मग पंप एक बनो की हजार. ऑफिस आणि विक्रीचा स्थिर खर्च वेगळा, ३ लाखांचा. कारखाना साधारणपणे तिमाहीत १,००० पंप बनवतो.

पहिल्या तिमाहीत हजार बनले, हजार विकले गेले. एका पंपामागे २,५०० रुपये सुटले, म्हणजे २५ लाख. त्यातून १८ लाखांचे स्थिर खर्च वजा जाता नफा ७ लाख. कोणत्याही पद्धतीने मांडा, उत्तर हेच येते.

दुसऱ्या तिमाहीत पाऊस लांबला, गिऱ्हाईक थंडावले. पंप हजारच बनले, पण विकले गेले ७००. तीनशे गोदामात राहिले, आणि आता एकाच कारखान्याचे दोन हिशेब दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात.

मार्जिनल कॉस्टिंग म्हणते की शेडचे भाडे आणि सुपरवायझरचे पगार हे त्या तिमाहीचे खर्च आहेत, पंपाचे नव्हेत. तिमाही संपली, खर्च संपला. सातशे पंपांवर २,५०० प्रमाणे साडेसतरा लाख सुटले, स्थिर खर्च १८ लाख, म्हणून तोटा ५० हजार. गोदामातले पंप प्रत्येकी ३,५०० रुपये धरून शिल्लक दाखवायचे.

ॲब्सॉर्प्शन कॉस्टिंगची भूमिका वेगळी. शेड नसती तर पंप बनलाच नसता, तेव्हा शेडचा वाटा पंपाच्या किमतीत यायलाच हवा. पंधरा लाख भागिले हजार, म्हणजे पंपामागे १,५०० रुपये. पंपाचा उत्पादन खर्च ५,००० झाला. सातशे पंपांवर प्रत्येकी हजार रुपये मिळाले, म्हणजे ७ लाख. त्यातून ऑफिस-विक्रीचे ३ लाख गेले आणि ४ लाख नफा उरला.

पन्नास हजारांचा तोटा आणि चार लाखांचा नफा यांत फरक साडेचार लाखांचा. तो कुठे गेला हे शोधायला वह्या चाळायची गरज नाही, गोदामात जा. तिथल्या तीनशे पंपांच्या प्रत्येकी पंधराशे रुपयांत भाडे, घसारा, पगार बसलेले आहेत. पैसे खर्च झाले, पण पंप विकला जात नाही तोवर ते नफ्यातून वजा होत नाहीत. ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभे राहतात.

तिसऱ्या तिमाहीत चक्र उलटे फिरते. मालकाने उत्पादन ७०० वर आणले आणि शिलकीतले तीनशे मिळून हजार पंप विकले. मार्जिनल पद्धतीने नफा पुन्हा ७ लाख. ॲब्सॉर्प्शनने मात्र अडीच लाखच, कारण मागच्या तिमाहीचे साडेचार लाख आता पंपांबरोबर बाहेर पडले आणि चालू तिमाहीचेही १५ लाख अंगावर आहेतच. तीन तिमाहींची बेरीज केली तर दोन्हीकडे साडेतेरा लाख. थोडक्यात, साठा वाढला की ॲब्सॉर्प्शनचा नफा जास्त, घटला की कमी, आणि साठा जैसे थे राहिला, पंपामागचा दरही तोच राहिला, की दोन्ही सारखे.

एवढ्यावर थांबले असते तर हा परीक्षेतला दहा गुणांचा प्रश्न ठरला असता. खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या तिमाहीत विक्री सातशेच, पण व्यवस्थापकाचा बोनस नफ्यावर ठरतो असे समजा. त्याने जादा पाळी लावून हजाराऐवजी १,५०० पंप बनवले. पंधरा लाख आता दीड हजार पंपांत वाटले गेले, पंपामागे हजारच आले, उत्पादन खर्च ४,५०० झाला. सातशे पंपांवर दीड हजार प्रमाणे साडेदहा लाख, त्यातून ३ वजा, नफा साडेसात लाख! हजार पंप विकले तेव्हा ७ लाख होते. तीनशे कमी विकून पन्नास हजार जास्त. यात खोटी नोंद एकही नाही. फक्त आठशे पंप गोदामात पडून आहेत, त्यांत ८ लाखांचा स्थिर खर्च बसलाय, आणि ते बनवायला २८ लाख रुपये रोख गेलेत.

या विसंगतीवर १९३६ साली अमेरिकेत जोनाथन हॅरिस यांनी लेख लिहिला. त्यातल्या कंपनीप्रमुखाला प्रश्न पडतो की विक्री वाढूनही गेल्या महिन्यात नफा कसा घटला? मार्जिनल पद्धतीचा प्रसार तिथून सुरू झाला असे मानतात.

मग सरळ मार्जिनलच का वापरू नये? कारखान्याच्या आतल्या अहवालांत वापरावी, कायद्याच्या हिशेबात चालत नाही. ब्रिटिश पेंट्स कंपनी तयार आणि अर्धवट मालाची किंमत फक्त कच्च्या मालावर धरत असे, इतर खर्च त्यात घेत नसे. प्राप्तिकराच्या त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत अमान्य केली. खरे उत्पन्न कळायचे तर उत्पादनाचे इतर खर्चही साठ्यात यायला हवेत, असा त्याचा आशय. हिशेबाचे मानक एएस २ सुद्धा कारखान्याचे स्थिर खर्च साठ्यात धरायला सांगते. मात्र हे वाटप नेहमीच्या क्षमतेवर करा, असेही बजावते. यंत्रे बंद राहिली तर न वाटलेला खर्च त्याच काळात नफ्यातून वजा करायचा, शिलकी मालावर लादायचा नाही. माल खर्चापेक्षा कमी किमतीला जाणार असेल तर तो त्या कमी किमतीलाच दाखवायचा. आपल्या व्यवस्थापकाला हे मानक अडवत नाही, कारण त्याने पंपाची किंमत वाढवली नाही, घटवली. आणि साडेचार हजारांचा पंप अजून सहा हजारांना खपू शकतो. आधी थांबते ती रोकड.

शिवाय काही धंद्यांत ॲब्सॉर्प्शनच न्याय्य आहे. साखर कारखाना थंडीत गाळप करतो आणि साखर वर्षभर विकतो. गाळपाच्या तिमाहीवरच तिथला सगळा स्थिर खर्च टाकला, तर ती तिमाही विनाकारण भकास दिसेल आणि पुढच्या विनाकारण गुलजार. तिथे साठा वाढणे हा धंद्याचा भाग आहे. पंपाच्या कारखान्यात मागणी नसताना तो वाढणे हे दुखणे आहे. दोन्हींत फरक करणे सूत्राला जमत नाही. त्यासाठी धंदा माहीत असावा लागतो.

माझे मत विचाराल तर व्यवस्थापकाचा बोनस ॲब्सॉर्प्शनच्या नफ्यावर कधीच ठरवू नये. ठरवायचाच तर विक्रीतून सुटलेल्या रकमेवर आणि हातात आलेल्या रोकडीवर ठरवावा.

आणि तुम्ही एखाद्या उत्पादक कंपनीचे शेअर बाळगून असाल, तर तिमाही निकालात खर्चाच्या यादीत ‘तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल’ अशी एक ओळ असते, ती पाहा. तिथला आकडा कंसात, म्हणजे उणे असेल, तर साठा वाढला आहे. विक्री मंद, नफा तेजीत, ही उणे रक्कम तिमाहीमागून तिमाही फुगतेय आणि धंद्यातून येणारी रोकड मात्र आटतेय, असे चौघे एकत्र दिसले तर नफ्याचा काही भाग अजून गोदामातच आहे असे समजा.