बाटलीवरचे ‘सल्फाइट्स आहेत’

वाइनच्या बाटलीमागे ‘सल्फाइट्स आहेत’ असे वाचून अनेकजण बिचकतात. खरे तर द्राक्षरस आंबवताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे सल्फाइट अजिबात नसलेली वाइन जवळपास नसतेच. वाइनकर्ते वरून सल्फर डायऑक्साइड किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. त्याने नको असलेले जिवाणू दबतात आणि वाइन हवेने तपकिरी पडत नाही. लाल वाइनला सालीतल्या टॅनिनचा आधार असतो, म्हणून तिला सहसा कमी पुरते. युरोपात साखर कमी असलेल्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची, तर तशाच पांढऱ्या वाइनला २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

लेबलची गोम इथेच आहे. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेले की इशारा छापावा लागतो, पण नेमके प्रमाण सांगावे लागत नाही. त्यामुळे १५ मिलिग्रॅमची आणि १५० मिलिग्रॅमची बाटली सारखीच दिसते. ‘वरून सल्फाइट घातलेले नाही’ म्हणजेही शून्य नव्हे. दमेकऱ्यांपैकी काहींना सल्फाइटने खरोखर धाप लागते. हा इशारा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. लाल वाइनने डोके दुखते त्याचा दोष मात्र सल्फाइटवर टाकणे मला पटत नाही, कारण पांढरीत ते बहुधा जास्तच असते.