थर्मास बिघडला, पण नेमका कुठे?

होस्टेलवर सबमिशनच्या रात्री स्टीलचा थर्मास फार कामाचा. पण रात्री दहाला भरलेला चहा बारालाच कोमट लागला, की आपण लगेच म्हणतो, "थर्मास गेला!" खरं तर यात दोन वेगळे बिघाड असू शकतात. एकाचं औषध स्वस्त आहे, दुसऱ्याला औषधच नाही.

थर्मासला दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते. या भिंती फक्त तोंडापाशी जोडलेल्या असतात. जोडाला बारीकशी चीर पडली तरी हवा आत शिरते. आता गंमत बघा. आतली हवा बाहेरच्या हवेच्या दहाव्या भागाइतकी विरळ असली तरी ती उष्णता जवळपास पूर्ण हवेइतकीच वाहून नेते. रेणू कमी झाले, तरी प्रत्येक रेणू न धडकता तेवढाच लांब पळतो. म्हणून निर्वात 'थोडंसं गेलं' तरी परिणाम पूर्ण गेल्यासारखाच.

तपासणी सोपी आहे. थर्मासमध्ये उकळतं पाणी भरा (आपल्या कोल्हापुरात ते साधारण 98 अंशालाच उकळतं), बूच लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. तोंडाजवळ थोडं गरम लागणारच, कारण भिंती तिथे जोडलेल्या आहेत. पण मधला भाग आणि बूडसुद्धा चांगलंच गरम लागलं, तर निर्वात गेलं. पोचा आलेल्या जागीच चटका बसत असेल तर तिथे भिंती एकमेकींना टेकल्यात, बाकी निर्वात शाबूत असू शकतं.

अंग गार आहे, तरी चहा निवतोय? मग बूच बघा. थर्मास सिंकवर आडवा धरा. थेंब आले, किंवा उभा असताना बुचाच्या कडेनं वाफ निघाली, तर रिंग गेली. वाफ भरपूर उष्णता घेऊन जाते, म्हणून एवढीशी फटही महागात पडते. रिंग काढून बोटानं दाबा. नवी रिंग दबून लगेच फुगते. जुनी चपटी, कडक, चिरलेली असते. कधी नुसती साय खाली साचलेली असते, ती धुतली की काम भागतं.

आमच्या रूमवरच्या दोन थर्मासांत मी लॅबचा थर्मामीटर घालून बघितलं. दोन्ही एक लिटरचे, दोन्हीत सुरुवातीला 95 अंश. तीन तासांनी पहिल्यात 56 उरले, दुसऱ्यात 79. पहिल्याचं अंग गरम होतं, दुसऱ्याचं गार. मग दुसऱ्याला त्याच मापाची नवी रिंग घातली, तर तीन तासांनी 87 मिळाले. पहिल्याचं बूच बदलूनही काही फरक पडला नाही.

निर्वात गेलेल्याला एम-सील लावू नका. चीर बुजली तरी आत शिरलेली हवा आतच राहते. त्यात गार पाणी भरा. नवा घ्यायच्या आधी मात्र ती दहा मिनिटांची तपासणी कराच.